९५.९ पोती सिमेंट

९५.९ पोती सिमेंट कुठल्याही दुकानात मिळत नाही. मिळतं ते ९५ किंवा ९६. सळई १२ मीटरची येते, ९.२ मीटरची नाही. खडी ब्रासवर विकली जाते, आणि ती आणणारा ट्रक दोन ब्रासचा असेल तर साडेतीन ब्रासची गरज त्याला एका खेपेत कळत नाही. तो दोनदा येतो आणि चार ब्रास ओतून जातो. हिशोबाच्या वहीत दशांश चालतो, बाजारात चालत नाही. वहीतला आकडा बाजारात नेताना त्यात थोडं जास्तीचं धरायचं असतं आणि मग तो पुढच्या पूर्ण पोत्यावर, पूर्ण गजावर, पूर्ण खेपेवर न्यायचा असतो. ही दोन कामं आहेत, पण आपल्याकडे घर बांधताना ती बहुतेक वेळा एकच समजली जातात. ‘असू द्या साहेब दहा पोती जास्त, कमी पडण्यापेक्षा बरं,’ असं गवंडी म्हणतो आणि मालक मान डोलावतो.

जास्तीचं धरणं म्हणजे आपल्या अज्ञानाची किंमत. सेंटरिंग किती खाली बसेल, घमेल्यातून किती सांडेल, वाळू किती ओली येईल, हे आधी कळत नाही, म्हणून टक्का धरायचा. पूर्णांक करणं ही मात्र बाजाराच्या मापांची सक्ती आहे. पहिलं कामाच्या स्वरूपावर ठरतं, दुसरं माल कोणत्या मापात विकला जातो यावर. म्हणून आधी टक्का, मग पूर्णांक, आणि पूर्णांक एकदाच. पण ‘एकदाच’ म्हणजे नेमका कुठे? त्याचं उत्तर सिमेंटला वेगळं आहे, लोखंडाला वेगळं आणि खडीला आणखी वेगळं. सगळी गंमत, आणि सगळं नुकसानही, तिथेच आहे.

एक साधं घर घेऊ. ३० फूट लांब, २४ फूट रुंद, मधोमध दोन्ही दिशांनी बीम, म्हणजे १५ बाय १२ फुटांच्या चार खोल्या. तालुक्याच्या गावात अशी घरं पावलोपावली दिसतात. स्लॅब पाच इंचांचा. ३० गुणिले २४ म्हणजे ७२० चौरस फूट, त्याला पाच इंच जाडी, की ३०० घनफूट काँक्रीट झालं. बीमची एकूण लांबी सुमारे १६० फूट. स्लॅबच्या खाली दिसणारा त्यांचा भाग नऊ इंच रुंद आणि एक फूट खोल धरला तर आणखी १२० घनफूट. एकूण ४२० घनफूट. मिश्रण १:१.५:३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. याला सगळेजण एम-२० म्हणतात.

काँक्रीट ओलं असताना वाळू खडीच्या फटींत शिरते आणि सिमेंट वाळूच्या फटींत. म्हणून ४२० घनफूट काँक्रीटला कोरडा माल त्याहून बराच जास्त लागतो. आपल्याकडे त्यासाठी १.५४ ने गुणतात. कुणी १.५२ धरतं, कुणी १.५७. १.५४ धरला तर कोरडा माल ६४७ घनफूट. त्याचे साडेपाच भाग केले की सिमेंट ११७.६ घनफूट, वाळू १७६, खडी ३५३. पन्नास किलोचं पोतं सव्वा घनफुटाला किंचित कमी भरतं, १.२२६ घनफूट. भागाकार केला की मथळ्यातला आकडा येतो. सोयीसाठी सव्वा धरलंत तर ९४ पोती येतात. केवळ सोयीसाठी केलेल्या त्या एका गोलाईत दोन पोती गळाली, आणि अजून आपण टक्क्यापर्यंत पोचलोच नाही. मधल्या पायऱ्यांवर आकडे गोल करू नयेत, हे म्हणतात ते यासाठीच.

आता टक्का. पाच टक्के धरायचे, असं सगळेच सांगतात. का, ते क्वचित कुणी सांगतं. या स्लॅबवर बघा. सेंटरिंगच्या प्लेटा भाराने थोड्या दबतात, टेकूखालची फळी जमिनीत रुतते, वरून फळी मारणारा कारागीर एखाद्या कोपऱ्यात जरा जास्त माल ठेवतो. सरासरी जाडी पाव इंचाने वाढली तर? ७२० चौरस फुटांवर पाव इंच म्हणजे १५ घनफूट काँक्रीट. ४२० वर हे साडेतीन टक्के झाले, सिमेंटची जवळजवळ साडेतीन पोती. अर्धा इंच वाढली तर सात टक्के. सांडलवंड आणि मिक्सरच्या तळाला चिकटलेलं धरलं तर वर आणखी एखादा टक्का. थोडक्यात, पाच टक्क्यांचा मोठा हिस्सा सांडण्यासाठी नसतो, स्लॅबच्या तळासाठी असतो. त्यामुळे तो कमीजास्त करणं आपल्या हातात आहे. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी कडेच्या पट्टीच्या वरच्या काठाला आडवी दोरी ताणून सेंटरिंगवर आठ-दहा ठिकाणी खोली मोजा. सगळीकडे पाच इंच भरली तर चार टक्के पुरतील. कुठे साडेपाच दिसली तर टक्का वाढवण्याआधी टेकू आवळा. ते काम स्वस्तात होतं.

९५.९ वर पाच टक्के म्हणजे १००.७. पुढचं पूर्ण पोतं १०१. संगणकावर यादी करणारे इथे एक चूक करतात. जवळच्या पूर्णांकाचं सूत्र वापरलं तर १००.४ चे १०० होतात. आपल्याला नेहमी वरचा पूर्णांक हवा असतो, म्हणून सूत्र असं लिहायचं:

```
=ROUNDUP(95.9*1.05, 0)
```

पण १०१ हा काही शेवटचा शब्द नव्हे. सिमेंटचं दुकान गावातच असेल, दुकानदार ओळखीचा असेल आणि रविवारीही उघडणार असेल, तर ९८ पोती आणून ठेवावीत आणि बाकीची सांगून ठेवावीत. दुकान वीस किलोमीटरवर असेल आणि स्लॅब संपायला रात्र होणार असेल, तर १०३ आणावीत. स्लॅब मध्येच थांबणं महाग पडतं. आधीचं काँक्रीट घट्ट होऊ लागतं आणि त्याला चिकटून नंतर टाकलेला थर एकजीव होत नाही. पुढे त्याच रेषेतून पाणी झिरपतं. उलट दोन पोती उरली तर ती प्लास्टरला जातात. जिथे कमी पडण्याची शिक्षा उरण्याच्या शिक्षेपेक्षा मोठी, तिथे वरचा पूर्णांक सढळ हाताने घ्यावा.

हे उलटही होऊ शकतं. मे महिन्याच्या शेवटी स्लॅब झाला, पाऊस तोंडावर आला, आणि पुढचं काम दिवाळीनंतर. मग उरलेली दहा पोती पत्र्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात ओल धरत बसतात. साठवलेल्या सिमेंटची ताकद तीन महिन्यांत साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होते असं धरतात, सहा महिन्यांत जवळपास तिसऱ्या हिश्श्याने. पोत्यात हात घातला आणि बोटांनी न फुटणारे गोळे लागले, तर ते सिमेंट स्लॅबला नको, फार तर आवारातल्या फरशीखाली चालेल. म्हणून दुकानदाराशी आधीच बोली करावी की न फोडलेली, कोरडी पोती दोन दिवसांत परत घ्यायची. बरेच दुकानदार तयार होतात, पण बोली आधी केली असेल तरच.

सिमेंटचा पूर्णांक कुठे करायचा, हेही आता सांगायला हवं. या घराला बारा कॉलम आहेत असं धरा, प्रत्येकी नऊ इंच बाय एक फूट, दहा फूट उंच. एका कॉलमचं काँक्रीट साडेसात घनफूट, सिमेंट १.७१ पोती. यादी करणाऱ्याने प्रत्येक कॉलमच्या ओळीपुढे ‘२ पोती’ लिहिलं तर बारा कॉलमांना २४. सगळ्यांचं एकत्र केलं तर २०.५, म्हणजे २१. तीन पोती कागदावरच वाढली. मग २१ बरोबर का? ते काम कसं चालतं यावर आहे. बाराही कॉलम एकाच दिवशी भरणार असाल तर २१. पण गवंड्याकडे कॉलमचे साचे दोनच असतील आणि तो रोज दोन भरत असेल, तर रोज ३.४ पोती लागतात. चौथं पोतं फोडलं की त्यातलं उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत तोंड बांधून ठेवावं लागतं. बहुतेक ठिकाणी कुणी ठेवत नाही. त्या दिवसाच्या विटांच्या सांध्यात ते खपतं किंवा तसंच उघडं राहतं. मग २४ हाच खरा आकडा. सिमेंटचा पूर्णांक भरण्याच्या दिवसाला करायचा असतो.

पूर्ण पोत्याला एक तांत्रिक कारणही आहे. साइटवरचा छोटा मिक्सर एका वेळी एका पोत्याचा माल घेतो. वाळू-खडी मोजायची पेटी असेल तर तीही एका पोत्याच्या मापाची, ३५ लिटरची असते: एका पोत्याला दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, एम-२० साठी एका पोत्याला ३० लिटर पाणी सांगितलं आहे. हे सगळं माप पोत्याभोवती बांधलेलं आहे. अर्ध्या पोत्याचा घाणा म्हणजे सगळं अंदाजाने. स्लॅबच्या शेवटच्या कोपऱ्यात, संध्याकाळी, अंधारात, नेमका असा अर्ध्या पोत्याचा घाणा होतो. त्यात पाणी जास्त पडतं, आणि तोच कोपरा पुढे पावसाळ्यात टिपकतो.

लोखंडाची गोष्ट निराळी. तिथे टक्का फसवतो.

याच स्लॅबमध्ये आठ मिलिमीटरच्या सळ्या सहा इंचांवर, दोन्ही दिशांना, असा आराखडा धरू. (खऱ्या घरात जाडी आणि अंतर आरसीसी डिझायनरनेच ठरवायचं, हे फक्त हिशोबासाठी.) २४ फुटांच्या दिशेने जाणारी सळई कडेचं कव्हर सोडून आणि टोकाची वाकवणी धरून ७.४ मीटर. ३० फुटांवर सहा इंचांनी मांडल्या की अशा ६१ लागतात. ३० फुटांच्या दिशेची सळई ९.२ मीटर, अशा ४९. एकूण लांबी ९०२ मीटर. पाच टक्के वाढवून १२ ने भागलं की ७९ गज. यादीत ७९ लिहिलं जातं आणि फिटर पहिल्याच दिवशी सांगतो, ‘साहेब, माल कमी आहे.’

त्याचं खरं आहे. १२ मीटरच्या गजातून ७.४ मीटरचा तुकडा एकच निघतो. ६१ सळ्यांना ६१ गज. ९.२ चाही एकच निघतो, म्हणून ४९ सळ्यांना ४९ गज. एकूण ११०. टक्क्याने ७९ सांगितले होते. मधल्या ३१ गजांचं लोखंड कुठे नाहीसं झालेलं नाही, ते ४.६ मीटरच्या ६१ आणि २.८ मीटरच्या ४९ तुकड्यांच्या रूपात जमिनीवर पडलं आहे. लोखंडाचा पूर्णांक कापणीच्या पातळीवर होतो, एकेका तुकड्याला. किलोंचा किंवा मीटरचा एकत्रित आकडा करून त्याला टक्का लावला की हे दिसतच नाही.

आता ते तुकडे बघू. स्लॅब मधल्या बीमवरून जातो तिथे वरच्या बाजूला जादा सळ्या टाकाव्या लागतात, कारण तिथे ताण वरून येतो. ३० फुटी बीमवरच्या जादा सळ्या २.२ मीटरच्या, ६१ नग. ४.६ मीटरच्या तुकड्यातून अशा बरोबर दोन निघतात आणि वीत सव्वावीतच उरते. म्हणजे ३१ तुकडे तिथे संपले. २४ फुटी बीमवरच्या जादा सळ्या २.७ मीटरच्या, ४९ नग. त्या २.८ च्या तुकड्यातून एकेक निघतात. तुकडे ४९, गरज ४९. राहिले ४.६ चे ३० तुकडे. बाहेरच्या कडांना वरून टाकायच्या सुमारे ०.९ मीटरच्या १०८ सळ्या आहेत. एका तुकड्यातून पाच निघतात, २२ तुकड्यांत काम भागतं. शेवटी आठ तुकडे उरले. ते कुठे खुर्च्यांना, कुठे लॉफ्टला लागतात.

हे जुळलं ते कुणीतरी आधी कागदावर बसवलं म्हणून. असं बसवलेलं नसेल, तर फिटर खालच्या जाळीला ११० गज कापतो, तुकडे बाजूला सारतो, आणि जादा सळ्यांसाठी नवे गज ओढतो. २.२ मीटरच्या १२ मीटरमधून पाच निघतात, ६१ ना १३ गज. २.७ च्या चार, ४९ ना १३ गज. कडेच्या १०८ ना ९ गज. एकूण ३५ गज जास्त. आठ मिलिमीटरची सळई मीटरला ०.३९५ किलो, म्हणजे गज ४.७४ किलोचा, ३५ गज म्हणजे १६६ किलो. साठ रुपये किलो धरले तर दहा हजार रुपये. तुकडे नंतर भंगाराच्या भावात जातात. फिटरला बऱ्याचदा टनावर मजुरी असते, म्हणून तुकडे जुळवत बसण्यात त्याला रस नसतो. जुळवायचा वेळही त्याचाच आणि वाचलेलं लोखंड मालकाचं. त्याला दोष देण्यापेक्षा कापणीची यादी आपणच त्याच्या हातात द्यावी. साइटवर तिला बीबीएस म्हणतात. मात्र यादीत नुसती लांबी आणि नग पुरत नाहीत. कोणता तुकडा कोणत्या गजातून, हेही लिहिलेलं हवं.

लोखंड मागवताना आणखी एक खाच आहे. दुकानदार वजनावर विकतो आणि आपल्याला लागतात नग. ११० गजांचं वजन ५२१ किलो, म्हणून ‘सव्वापाच क्विंटल आठ एमएम द्या’ असं सांगितलं जातं. पण सळईचं वजन कारखान्यात तंतोतंत येत नाही. आयएस १७८६ या मानकानुसार दहा मिलिमीटरपर्यंतच्या सळईला सात टक्के कमीजास्त चालतं. गज पाच टक्के जड आले तर ५२१ किलोत १०४ च बसतात आणि सहा गज कमी पडतात. पैसे मात्र पूर्ण वजनाचे दिलेले असतात. उपाय अगदी सरळ आहे: मागणी नगांत द्या, बिल वजनावर होऊ द्या. आठ मिलिमीटरच्या एका बंडलात साधारण दहा गज असतात. म्हणजे ११ बंडलं, आणि एखाद्या चुकीच्या कापणीसाठी फार तर चार-पाच सुटे गज. इथे पाच टक्के आणि वर पूर्ण बंडल असं दोन्ही धरायचं कारण नाही, कारण कापणीच्या यादीत उरणारे तुकडे आधीच मोजलेले आहेत.

खडी आणि वाळूचा पूर्णांक सर्वांत मोठा, कारण त्यांचं माप सर्वांत मोठं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याला खडी ३५३ घनफूट हवी. ट्रक दोन ब्रासचा असेल तर दोन खेपा, ४०० घनफूट. इथे टक्का धरो वा न धरो, उत्तर बदलत नाही. पाच टक्के धरले तर ३७०, दहा धरले तर ३८८, दोन्हींना चारच ब्रास. पूर्णांकानेच तेरा टक्क्यांची सोय करून ठेवली आहे. अशा ठिकाणी टक्का वेगळा धरणं हे नुसतं कागद काळं करणं आहे.

पण एक प्रसंग असा येतो की तो कागदही महाग पडतो. इंजिनिअरने यादी करताना पाच टक्के धरले आणि तसं लिहिलं नाही. कंत्राटदाराने ती यादी घेऊन आपले दहा टक्के चढवले. ३५३ चे ४०७ झाले. आता दोन खेपा पुरत नाहीत, तिसरा ट्रक मागवायचा. आणि तो कशासाठी, तर साडेसात घनफुटांसाठी, म्हणजे सहा पेट्यांसाठी. अंगणात २३० घनफूट खडीचा ढीग पडून राहतो, शेजाऱ्याची गाडी अडते, पावसाळ्यात त्यातून गवत उगवतं. सिमेंटचंही त्याच हिशोबाने १११ पोती होतात, गरजेपेक्षा दहा जास्त. दोघांनीही आपापल्या परीने सावधगिरीच बाळगली होती. म्हणून यादी हातात आली की पहिला प्रश्न विचारावा: यात किती टक्के आधीच धरले आहेत? आणि हे टक्के मालाच्या यादीतले. सरकारी अंदाजपत्रकात खर्चाच्या रकमेवर तीन ते पाच टक्के कंटिंजन्सी म्हणून धरतात, ते अनपेक्षित कामांसाठी. त्यातून खडी येत नाही.

वाळूला मात्र टक्का धरायलाच हवा, आणि तो इतरांपेक्षा जास्त. वाळू ओली असली की तिच्या कणांभोवती पाण्याचं पातळ आवरण बसतं, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. ओल अवघी चार-पाच टक्के असली तरी आकारमान वीस ते तीस टक्के वाढू शकतं. आपल्याला १७६ घनफूट हवी. दहा टक्के धरून १९४, म्हणून दोन ब्रासचा एक ट्रक. पण ट्रकमधली वाळू वीस टक्के फुगलेली असेल, तर २०० घनफुटांत खरी वाळू १६७ च आहे. दहा टक्के धरूनही कमी पडली. हे ओळखणं अवघड नाही. सरळ भिंतींच्या काचेच्या बरणीत वाळू सैल भरून सपाट करा, उंची मोजा. समजा २० सेंटिमीटर. मग ती काढून बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, वाळू परत त्यात सोडा, ढवळा आणि बसू द्या. ती १६ सेंटिमीटरवर बसली तर ४ भागिले १६, म्हणजे पंचवीस टक्के फुगलेली आहे. मग मागवायचीही तेवढी जास्त, आणि घाण्यात दीड पेटीऐवजी तेवढी वाढवून टाकायची. नाहीतर काँक्रीटमध्ये वाळू कमी पडून खडी उघडी राहते, आणि प्लेटा काढल्यावर स्लॅबच्या पोटाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात.

ट्रकचा ब्रासही मोजून घ्यावा. ड्रायव्हरला ‘भाऊ, जरा थांबा’ म्हणून टेप लावायला संकोच वाटतो, पण लावावा. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करायचा. वर शीग असेल तर ती गोड वाटते, पण कोपरे खाली असतात. उंची चार-पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढावी. खाणीवर भरलेली खडी रस्त्यात दणके खाऊन खाली बसते, त्यामुळे खाणीवरचं माप आणि दारातलं माप एक नसतं. व्यवहार कुठल्या मापावर, ते भाव ठरवतानाच बोलून घ्यावं.

हल्ली तालुक्याच्या गावातही तयार काँक्रीटचे मिक्सर ट्रक येतात. तिथे हिशोब घनमीटरचा. आपलं ४२० घनफूट म्हणजे ११.८९ घनमीटर. गाडी सहा घनमीटरची असेल तर दोन गाड्या, १२ घनमीटर. आकडा किती देखणा! पण इथे जास्तीचं धरलंय फक्त एक टक्का. सेंटरिंग पाव इंच दबली की ११.८९ चे १२.३ होतात आणि शेवटच्या खोलीच्या कोपऱ्यात काँक्रीट संपतं. त्या वेळी प्लांटला फोन केला तर अर्ध्या घनमीटरसाठी गाडी निघत नाही, किंवा निघाली तरी ठरलेल्या किमान मालाचे पैसे लागतात. सव्वा घनमीटर आधीच जास्त सांगितलं तर उरलेलं ओतायला जागा नाही, आणि काँक्रीट साठवून ठेवता येत नाही. गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत ते खाली झालं पाहिजे.

जाणते कंत्राटदार इथे पूर्णांक पुढे ढकलतात. पहिली गाडी पूर्ण, सहा घनमीटर. ती रिकामी झाली की स्लॅबवर चढून उरलेली जागा मोजायची: कुठल्या दोन खोल्या राहिल्या, बीम किती भरले, जाडी सरासरी किती येते आहे. त्या मोजमापावरून पुढच्या गाडीत किती भरायचं ते प्लांटला सांगायचं आणि गरज पडली तर तिसरी छोटी गाडी तेव्हाच बोलवायची. पहिल्या गाडीने सेंटरिंग किती दबते ते दाखवून दिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या आकड्यात अंदाज उरत नाही. तुमचा स्लॅब असा होणार असेल, तर भाव ठरवतानाच प्लांटला तीन गोष्टी विचारून घ्या: किमान किती घनमीटरची गाडी पाठवता, शेवटच्या गाडीचा आकडा किती वेळ आधी सांगावा लागतो, आणि तेव्हा फोन कोण उचलणार.